कोर्टाला नाही, कॉलेजला आहे: अर्धचंद्र कुठे द्यायचा?

प्रश्न: "मी एका लहान पाक्षिकाचं मुद्रितशोधन बघते. डॉक्टर, कॉलेज, ऑफिस यांवर अर्धचंद्र देते, पण मग कोर्ट, बोर्ड, मोबाइल, हॉटेल आले की गोंधळ होतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर सगळीकडे तेच अक्षर आहे. काही लेखक अजून डाक्टर, आफिस लिहून पाठवतात. नक्की नियम काय? आणि एक विचित्र अडचण: डॉक्टर हा शब्द फाइलमध्ये शोधला की काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी समोर दिसत असूनही सापडत नाही."

मराठीत 'अर्धचंद्र देणे' म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणे. गेली पंचवीसएक वर्षं मी दोन्ही अर्थांनी तेच करतो आहे: नको तिथला अर्धचंद्र बाहेर काढायचा आणि हवा तिथे द्यायचा. तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही तितकेच खरे आहेत. एक कानाचा, दुसरा कळफलकाचा.

आधी कानाचा. स्पेलिंग बघायचं सोडून द्या, अर्धा त्रास तिथेच संपतो. इंग्रजीतल्या त्या गोल अक्षराचा मराठीत येताना एकच उच्चार राहत नाही. डॉक्टरमध्ये तो ऑ होतो, फोनमध्ये ओ, लंडन आणि कंपनीत नुसता अ. खुद्द डॉक्टर या शब्दात ते अक्षर दोनदा आहे, पण अर्धचंद्र पहिल्यालाच मिळतो, कारण दुसऱ्या ठिकाणी आपण 'टर' म्हणतो. उलट हॉल, बॉल, वॉचमन यांच्या स्पेलिंगमध्ये ते अक्षर औषधालाही नाही, तरी तिथे अर्धचंद्र लागतोच. आपण उच्चार लिहितो, स्पेलिंग नाही.

उच्चार ओळखायची माझी रीत अगदी साधी आहे. हनुवटीखाली बोट ठेवा आणि एकामागून एक म्हणा: होल, हॉल, हाल. 'होल'ला ओठ गोल होऊन पुढे येतात आणि जबडा जवळजवळ हलत नाही. 'हाल'ला जबडा पूर्ण खाली जातो आणि ओठांचा गोल मोडतो. 'हॉल' या दोघांच्या मधला: जबडा खाली जातो, पण ओठ थोडे गोल राहतात. हाच ऑ. शंका आलेला शब्द या तिघांशेजारी ठेवून म्हणायचा आणि तो कुणाच्या घरचा ते बघायचं. काल, कॉल, कोल घेतलेत तरी चालेल. 'कोट शिवायला टाकला' आणि 'वॉर्डात कॉट रिकामी नाही' ही दोन वाक्यं मी नव्या मुलांना आलटून पालटून वाचायला लावतो. दहा मिनिटांत कान तयार होतो.

मात्र शब्द सुटा म्हणू नका, वाक्यात आणि विभक्तीसकट म्हणा. सुटा म्हणताना माणूस नकळत इंग्रजी बोलायला जातो. 'कोर्टात तारीख आहे', 'बोर्डाची परीक्षा', 'हॉटेलात उतरलो' असं म्हटलं की तोंडातून मराठी उच्चार येतो आणि आपल्याला तोच हवा असतो.

इथे बरेच हुशार लोक घसरतात. ते इंग्रजी उच्चारकोश उघडतात. कोशाप्रमाणे हॉटेल या शब्दाची सुरुवात 'हो' अशी आहे, म्हणजे लिहायला हवं 'होटेल'. पण महाराष्ट्रात हॉटेलात सगळे जातात, होटेलात कुणी जात नाही. फोटोग्राफरचं तसंच. इंग्रज माणूस दुसऱ्या अक्षरावर जोर देतो, तिथे त्याचा ऑ उमटतो आणि पहिलं अक्षर पुसट होतं, साधारण 'फटॉग्रफर' असं. आपण फोटो हा शब्द आधी घेतला आणि त्याला 'ग्राफर' जोडला, म्हणून फोटोग्राफर. माझा सगळ्यात आवडता शब्द फ्लॉवर. मंडईत फ्लॉवरचा गड्डा मागताना कुणी इंग्रजीसारखा 'फ्लाउअर' मागत नाही. पॉवर, टॉवर, शॉवर, टॉवेल ही सगळी याच कुळातली. इंग्रजीत त्यांत 'आउ' आहे, मराठीने त्याचा ऑ केला. पण अकाउंट, टाउन, हाउस यांत मात्र आपण आउ तसाच ठेवला. म्हणून टाउन हॉल लिहिताना पहिल्या शब्दाला अर्धचंद्र नाही आणि दुसऱ्याला आहे.

आता तुमचे कोर्ट आणि बोर्ड. इथे मराठी कानाने एक मजेची गोष्ट टिकवली आहे. आजच्या इंग्रजी कोशात कोर्ट, बोर्ड, फॉर्म, ऑर्डर या चारही शब्दांतल्या स्वराला एकच खूण दिलेली असते, कारण इंग्लंडच्या दक्षिण भागात त्यांचा उच्चार आता एकच झाला आहे. पण पूर्वी तो एक नव्हता. एका गटात कोर्ट, बोर्ड, रिपोर्ट, कोर्स, पोर्च, स्पोर्ट्स असे शब्द होते, दुसऱ्या गटात फॉर्म, ऑर्डर, कॉर्नर, हॉर्न, लॉर्ड, शॉर्ट. स्कॉटलंडमधले बरेच लोक आजही हे दोन गट वेगळे बोलतात. मराठीत पहिल्या गटाला ओ आणि दुसऱ्याला ऑ इतक्या नेमाने लागलेला दिसतो की यादी करायला बसलात तर थक्क व्हाल. लॉर्डला आहे आणि बोर्डला नाही, हा मराठी लिहिणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे, ती खरी उच्चाराची वाटणी आहे. म्हणून 'कॉर्टात' असं कुणी लिहून पाठवलं तर मी बिनदिक्कत 'कोर्टात' करतो, आणि कुणी इंग्रजी कोश दाखवलाच तर त्याला 'बॉर्डाची परीक्षा' मोठ्याने म्हणायला सांगतो.

कानानेही निकाल लागत नाही असे थोडे शब्द राहतात. प्रोजेक्ट आणि प्रॉजेक्ट दोन्ही बोलले जातात. कॉम्प्युटर म्हणणारे आहेत आणि कंप्युटर म्हणणारेही. वॉर्ड आता रुळला आहे, पण पालिकेच्या जुन्या कागदांत वार्ड दिसतो. क्वालिटीला अर्धचंद्र द्यावा का, यावर मी स्वतः दोनदा मत बदललं आहे. अशा शब्दांत बरोबर-चूक शोधत बसू नका. प्रकाशनाची एक वही ठेवा, त्यात एक रूप लिहा आणि पुढच्या अंकात ते बदलू नका. माझ्या वहीत प्रोजेक्ट, कॉम्प्युटर आणि क्वालिटी आहेत. तुमच्या वहीत वेगळे असतील तर माझी काही हरकत नाही, फक्त एकाच पानावर दोन्ही नकोत. (ऑफिस की ऑफीस, हा वाद तुम्ही पुढे विचाराल असा अंदाज आहे. तो वेलांटीचा प्रश्न आहे, अर्धचंद्राशी त्याचं काही नातं नाही. मी ऱ्हस्व लिहितो.)

परदेशातल्या मराठी मंडळांची स्मरणिका केलीत तर आणखी एक प्रकार भेटेल. अमेरिकेत वाढलेली मुलं 'डाक्टर', 'हाट' असं लिहितात. ती चूक करत नसतात, तिथे तो स्वर खरंच आपल्या 'आ'कडे झुकतो. पण मजकूर मराठी वाचकासाठी असेल तर डॉक्टरच करा. हिंदीतून उतरवलेल्या जाहिरातींतला 'आफर' आणि 'आफिस' यांनाही हाच न्याय.

'डाक्टर, आफिस' लिहून पाठवणाऱ्या तुमच्या लेखकांबद्दल. आजच्या लेखात मी ते बदलतो. ऑ आणि ॲ हे दोन स्वर मराठीच्या वर्णमालेत आहेत. शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात प्रमाणित वर्णमाला दिली, तिच्यातही ते आहेत. तेव्हा 'हे मराठी अक्षरच नव्हे' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पण दोन ठिकाणी हात लावत नाही. जुनं पत्र किंवा जुना छापील मजकूर उद्धृत केला असेल तर त्यातला डाक्टर तसाच राहतो. आणि पात्राच्या तोंडचा शब्द तसाच राहतो. हे मी धडा घेऊन शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ग्रामीण कथेतलं 'म्हातारा हापिसात ग्येला' हे वाक्य मी 'ऑफिसात' करून टाकलं. 'ग्येला' तसंच ठेवलं, त्यामुळे तर ते आणखी हास्यास्पद झालं. लेखकाचा फोन आला आणि पुढची पाच मिनिटं मी फक्त 'हो, हो' म्हणत होतो. हापिस, डागदर, कालिज हे ऑफिस, डॉक्टर, कॉलेजचे अशुद्ध अवतार नाहीत. मराठी जिभेने घडवलेले ते वेगळे शब्द आहेत. लाटसाहेबातल्या 'लाट'ला तुम्ही अर्धचंद्र द्याल का? किंवा पोर्तुगीजांकडून आलेल्या इस्पितळाला हॉस्पिटलची आठवण करून द्याल का? तसंच हे.

आता कळफलकाचा भाग. समोर दिसणारा शब्द सापडत नाही, ही अडचण विचित्र नाही, रोजची आहे. कारण डोळ्याला एक दिसणारं अक्षर संगणकात दोन-तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं. 'डॉ' लिहायची बरोबर रीत म्हणजे ड आणि त्यापुढे ॉ, हे एकच चिन्ह. पण कुणी ड ला आधी काना दिला आणि मग त्यावर वेगळा अर्धचंद्र ठेवला, तर 'डाॅ' असं होतं. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात. नीट बघितलंत तर दुसऱ्यात अर्धचंद्र कान्याच्या थोडा उजवीकडे सरकलेला दिसेल, आणि काही फोनवर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं. ऑफिसचंही असंच: खरा ऑ हे एक अक्षर, पण आ वर अर्धचंद्र ठेवून केलेला 'आॅफिस' इंटरनेटवर पोत्याने सापडेल. जुन्या डीटीपी फॉन्टांत अर्धचंद्र हा सुटा ठसा असायचा, काना झाला की तो वर बसवायचा. त्या फाइली युनिकोडमध्ये आणताना परिवर्तकाने दोन्ही तुकडे तसेच ठेवले की हा प्रकार होतो. फोनवर काना आणि चंद्र वेगवेगळे दाबणारेही पुष्कळ आहेत.

ओळखायचं कसं? संगणकावर त्या अक्षरानंतर कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. उरला 'ड' तर ठीक. उरला 'डा' तर तो दोन तुकड्यांचा आहे. वर्डमध्ये आणखी खात्री हवी असेल तर कर्सर तिथेच ठेवून Alt+X दाबा, शेवटच्या चिन्हाचा क्रमांक दिसेल. 0949 आला तर बरोबर, 0945 आला तर चंद्र वेगळा बसवला आहे.

एक काम सांगतो. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका माझ्याकडे आली होती. मजकूर तीन वाटांनी आला होता: काही लेख फोनवर टाइप केलेले, काही जुन्या फाइलींतून परिवर्तित, काही थेट युनिकोडमध्ये. शेवटी नामसूची करायची होती आणि जवळजवळ प्रत्येक नाव 'डॉ.' ने सुरू होणारं. संगणकाने अक्षरानुक्रम लावला तेव्हा डॉक्टरांचे दोन वेगळे जथे झाले. कान्याचा क्रम ॉ च्या आधी येतो, त्यामुळे 'डाॅ.'वाले सगळे वर आणि 'डॉ.'वाले सगळे खाली. दोन्ही जथ्यांत आडनावं पुन्हा पहिल्यापासून. एक ज्येष्ठ सर्जन दोन्हीकडे होते, कारण त्यांनी स्वतः एक लेख लिहिला होता आणि दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यावर लिहिला होता. डोळ्यांनी चूक शोधून काहीच हाती लागत नव्हतं. बॅकस्पेस दाबला तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून मजकूर हातात आला की वाचायच्या आधी मी हे तीन बदल करून घेतो:

```python
s = s.replace("\u0906\u0945", "\u0911")  # आ + ॅ  ->  ऑ
s = s.replace("\u093E\u0945", "\u0949")  # ा + ॅ  ->  ॉ
s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")  # अ + ॅ  ->  ॲ
```

पायथन येत नसेल तर चुकीची जोडी मजकुरातूनच कॉपी करून 'शोधा' मध्ये टाका आणि 'बदला' मध्ये बरोबर अक्षर द्या. तिसरी ओळ ॲ ची आहे, ॲडमिशन, ॲसिड वगैरेंसाठी. तुमचा प्रश्न ऑ चा असला तरी ती चूक जुळ्या बहिणीसारखी सोबत येतेच. हे तिन्ही बदल डोळे मिटून करावेत असे आहेत, कारण त्या जोड्या मराठीत दुसऱ्या कुठल्याही कामाला येत नाहीत.

पुढे चूक पुन्हा होऊ नये म्हणून टंकलेखकाला सांगायची गोष्ट इतकीच. इनस्क्रिप्ट कळफलकावर \ ही कळ ॉ देते आणि शिफ्टसोबत तीच कळ ऑ देते. काना वेगळा दाबायचाच नाही. शिफ्टसोबत 2 दाबलं की सुटा ॅ येतो, तो बॅट आणि मॅनेजरसाठी आहे. डॉक्टर लिहिताना त्या कळेकडे बोट जाता कामा नये.

डोळे मिटून बदलू नये अशी एकच जागा आहे, ती म्हणजे काँग्रेस. अर्धचंद्रावर अनुस्वार आला की तो दिसतो अगदी हिंदीतल्या चंद्रबिंदूसारखा. म्हणून हा शब्द दोन प्रकारे साठवलेला सापडतो: क ला ॉ आणि वर अनुस्वार, किंवा क ला काना आणि वर चंद्रबिंदू. हिशेबाने पहिलं बरोबर, कारण मराठीत चंद्रबिंदू हे चिन्ह आपण वापरत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात बहुतेकांनी चंद्रबिंदूच टाइप केलेला असतो, आणि बऱ्याच फॉन्टांत पहिल्या जोडीतला अनुस्वार चंद्राच्या कुशीत न बसता शेजारी जाऊन पडतो. तेव्हा मी व्यवहार पाहून काँग्रेस, बँक यांत चंद्रबिंदू ठेवतो. तुम्ही उलट ठरवलंत तर चालेल, पण मग सरसकट 'सगळे बदला' करू नका. मजकुरात हिंदी शेराची किंवा गाण्याची ओळ असेल तर तिच्यातल्या 'माँ' आणि 'गाँव' यांतही गुपचूप ऑ शिरेल आणि छापून येईपर्यंत कुणाला कळणार नाही.

ही कटकट कमी करायची एक युक्ती आहे. अनुस्वाराऐवजी न किंवा म लिहिता येतो तिथे तोच लिहा: कॉन्फरन्स, कॉन्ट्रॅक्टर, कॉन्स्टेबल, कॉम्प्युटर. मग अडचणीचे उरतात फक्त क आणि ग च्या आधीचे शब्द, काँग्रेस, काँक्रीट, हाँगकाँग, असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की झालं.

आणि पाक्षिकाचा फॉन्ट बदलणार असाल तर आधी त्यात तीन शब्द टाइप करून प्रत्यक्ष छपाईच्या आकारात कागदावर काढून बघा: कॉट, काँक्रीट आणि फॉर्मॅट. पहिल्यात लहान आकारात चंद्र मात्रेसारखा दिसून कॉटचा कोट होतो का ते कळतं. दुसऱ्यात अनुस्वार कुठे बसतो ते दिसतं. तिसऱ्यात म च्या डोक्यावर रफार आणि अर्धचंद्र दोघं एकाच जागेसाठी भांडतात. मी एक अतिशय देखणा फॉन्ट केवळ त्या म मुळे परत केला आहे.